पडद्यावरून कानावर

हैदराबादेत मराठी वस्ती जुनी आहे. विवेकवर्धिनी ही मराठी शाळा येथे १९०७ साली निघाली. १९५६ च्या नोव्हेंबरात भाषावार प्रांतरचना होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तरी सुलतान बाजार, काचिगुडा, बरकतपुरा या भागांतील कित्येक मराठी घरे जागच्या जागीच राहिली. पुढे कारखान्यांच्या आणि संगणकाच्या नोकऱ्यांनिमित्त पुण्याकडची, नागपूरकडची माणसे आली. ही जुनी आणि नवी मंडळी गणेशोत्सवात, कोजागिरीला किंवा ज्येष्ठांच्या मासिक बैठकीत एकत्र येतात. अशा बैठकीत अधूनमधून एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान ठरते. डॉक्टर तेलुगू किंवा तमिळ असतात. त्यांच्याजवळ इंग्रजी स्लाइड्सचा एक तयार संच असतो आणि तो मराठीत सांगण्याचे काम मंडळातील एखाद्या शिक्षकाकडे किंवा निवृत्त कारकुनाकडे येते. हे काम वरवर भाषांतराचे दिसते. वस्तुतः ते भाषांतर नव्हे, आणि ते भाषांतर समजून केले गेले म्हणजे सभेतील माणसे चुकीची गोष्ट लक्षात ठेवून घरी जातात.

पक्षाघाताचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. कारण हा विषय असा आहे की, श्रोत्याने ऐकलेले वाक्य त्याला महिन्यांनंतर, रात्री, हातात कागद नसताना आठवावे लागते आणि ते चुकीचे आठवले तर माणूस हातचा जातो किंवा जन्माचा अधू होतो. वीसएक स्लाइड्सचा, पाश्चात्त्य धर्तीवर बेतलेला संच समोर आहे अशी कल्पना केली, तर त्याचे मराठी भाषण होताना कोठे कोठे ठेच लागते ते एकेक करून पाहता येते.

पहिली ठेच रोगाच्या नावापाशीच लागते. पडद्यावर ‘स्ट्रोक’ हा एक शब्द असतो. हैदराबादच्या उन्हाळ्यात ‘स्ट्रोक’ म्हटले की सभेतील निम्म्या लोकांना ऊन लागणे आठवते. ‘पक्षाघात’ हा शब्द शुद्ध आहे. तेलुगूतही त्याच कुळातला ‘पक्षवातम्’ हा शब्द चालतो, त्यामुळे या शहरात तो ओळखीचा आहे. परंतु जुन्या घरांत रोजच्या बोलण्यात दक्खनी उर्दूतून आलेले ‘फालिज’ आणि ‘लकवा’ हे दोन शब्द आहेत आणि ते एकच समजले जातात. युनानी वैद्यकात ते एक नाहीत. अर्धे अंग लुळे पडते ते फालिज आणि केवळ चेहरा वाकडा होतो तो लकवा. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या विकाराने नुसतेच तोंड वाकडे होते, तेव्हा तो पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप सुधारतो. म्हणून भाषणात सरसकट ‘लकवा’ म्हटले, तर ज्याच्या शेजाऱ्याचा लकवा महिनाभरात बरा झाला आहे तो श्रोता मनाशी म्हणतो, “यात घाबरण्यासारखे काय आहे?” शब्द ओळखीचा असूनही येथे तो घात करतो.

मग मराठवाड्यातून आलेल्या आजीबाई जे म्हणतात ते ‘अंगावरून वारे गेले’ हे घ्यावे काय? संहिता लिहिणाऱ्याला हा शब्दप्रयोग टाळण्याचा मोह होतो, कारण त्यात रोगाचे कारण चुकीचे सांगितले आहे. वारा समजला की खिडक्या बंद होतात, अंगाला तेल चोळले जाते, पांघरूण घातले जाते आणि त्या चोळण्यात एक-दोन तास निघून जातात. तरीही तो टाळू नये. ज्या नावाने घरात आरडाओरडा होणार आहे त्या नावाशी भाषणाची गाठ पडली नाही, तर ऐकलेला उपाय त्या क्षणी आठवणारच नाही. तेव्हा शब्द घ्यावा आणि त्यातील समजूत त्याच दमात मोडावी : ‘ज्याला आपण अंगावरून वारे गेले म्हणतो, फालिज म्हणतो, डॉक्टर ज्याला स्ट्रोक म्हणतात, ते वाऱ्याने होत नाही. मेंदूला रक्त नेणारी नळी तुंबते किंवा फुटते, त्याने होते.’ हे वाक्य एकदा सांगितले की पुढील सबंध भाषणात ‘पक्षाघात’ हा एकच शब्द ठेवावा. लिहिण्यात एका शब्दाला चार पर्याय वापरणे हे शैलीचे लक्षण मानतात. ऐकणाऱ्याला मात्र चार शब्द म्हणजे चार वेगळे रोग वाटतात.

दुसरी ठेच अधिक धोक्याची आहे. इंग्रजी संचात पक्षाघाताला ‘ब्रेन अटॅक’ असेही म्हटलेले असते. हे नाव मुद्दाम ठेवलेले आहे. हृदयविकाराच्या झटक्याइतकीच हीही तातडीची गोष्ट आहे असे लोकांना वाटावे, हा त्यामागचा हेतू. मराठीत त्याचा ‘मेंदूचा झटका’ असा तर्जुमा सहज होतो आणि ऐकायला बराही वाटतो. पण श्रोत्याच्या डोक्यात ‘झटका’ हा शब्द एकटा नसतो. हृदयाचा झटका आला तर अॅस्पिरिनची गोळी चावून खायला द्यावी, हे त्याने कोठेतरी ऐकलेले असते. शब्द उचलला की त्याच्याबरोबर ती गोळीही उचलली जाते. पक्षाघातात हीच गोळी घरी देणे घातक ठरू शकते. नळी तुंबली आहे की फुटली आहे हे बाहेरून डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. त्यासाठी डोक्याचे सीटी स्कॅन करावे लागते. नळी फुटून रक्त वाहत असेल आणि त्यात रक्त पातळ करणारी गोळी पोटात गेली, तर रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. मूळ इंग्रजी वाक्यात काही चूक नव्हती आणि मराठी शब्दही बरोबर होते; चूक शिरली ती त्या शब्दाला श्रोत्याच्या मनात जे चिकटलेले होते त्यातून. म्हणून एक तर ‘झटका’ हा शब्द घेऊ नये, किंवा घेतलाच तर पुढचेच वाक्य असे असावे : ‘हृदयाच्या झटक्यात जी गोळी देतात ती येथे द्यायची नाही. पाणीही पाजायचे नाही, कारण गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते फुप्फुसात उतरते.’ मूळ संचात हे वाक्य नसले तरी मराठी संहितेत ते घालणे भाग पडते.

तिसरी गोष्ट खुणांची. इंग्रजीत ‘फास्ट’ हे चार अक्षरांचे सूत्र आहे. ते १९९८ साली इंग्लंडमध्ये तयार झाले. त्यातील पहिले अक्षर चेहऱ्याचे, दुसरे बाहूचे, तिसरे वाणीचे आणि चौथे वेळेचे. आणि चारही मिळून शब्द होतो तो ‘जलद’ या अर्थाचा. नंतर त्याच्या आधी तोल आणि डोळे यांची दोन अक्षरे जोडून ‘बी फास्ट’ असे सूत्र झाले, कारण नुसत्या चार खुणांवर विसंबले तर शंभरांतील सुमारे चौदा रोगी निसटतात, असे अमेरिकेतील एका अभ्यासात २०१७ साली दिसून आले. अशी अक्षरांची करामत दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी उतरत नाही. तरी पुष्कळ जण हट्टाने मराठीतही आद्याक्षरे जुळवू पाहतात. मग ‘मु’ म्हणजे मुख, ‘भु’ म्हणजे भुजा, ‘वा’ म्हणजे वाचा असे काहीतरी तयार होते आणि लक्षात ठेवायचे सूत्र हेच लक्षात न राहणारी गोष्ट बनते. ‘भुजा’ हा शब्द घरात कोणी बोलत नाही. संकटात तो आठवण्याचे कारणच नाही.

मराठी माणसाच्या स्मरणाची रीत वेगळी आहे. त्याला अक्षरांपेक्षा ठेका आणि मोजणे सोपे जाते. पाढे, बाराखडी, नात्यांची यादी त्याने बोटांवर पाठ केलेली असते. म्हणून येथे आद्याक्षरांचा नाद सोडून साधे दोन-तीन अक्षरी शब्द एका ओळीत ठेवावेत आणि ते बोटांवर मोजून घ्यावेत : तोल, नजर, तोंड, हात, बोल. पाच खुणा, एका हाताची पाच बोटे. एकाएकी तोल जातो. एकाएकी एका डोळ्याने किंवा एका बाजूचे दिसेनासे होते. हसायला सांगितले तर तोंड एका बाजूला ओघळते. दोन्ही हात समोर धरायला सांगितले तर एक खाली घसरतो. बोलणे जड, अडखळते किंवा अर्थहीन होते. पाच बोटे मोजून झाली की मूठ वळायची आणि घड्याळाकडे पाहायचे. सभेत वक्त्याने हे स्वतः बोटे मोजत सांगितले आणि सर्वांकडून दोनदा करवून घेतले, तर इंग्रजी सूत्राने जे काम त्या भाषेत साधले तेच येथे साधते. त्यातील अक्षरे गेली तरी त्याचे काम शिल्लक राहते. ‘एकाएकी’ हा शब्द मात्र प्रत्येक खुणेबरोबर पुन्हा उच्चारावा. वर्षभर हळूहळू कमी होत आलेली दृष्टी किंवा संधिवाताने दुखणारा हात ही पक्षाघाताची खूण नव्हे. छापील पानावर हा शब्द एकदा मथळ्यात आला तर पुरतो. कानाला तो पाचदा ऐकवावा लागतो.

बोलण्याची परीक्षा घेताना तर मोठी गंमत होते. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील वैद्यांनी रुग्णवाहिकेतील सेवकांसाठी जी तपासणी बसवली, तिच्यात रोग्याकडून एक सर्वपरिचित वाक्य वदवून घेतात. त्यासाठी घेतलेली म्हण अशी की, म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या युक्त्या शिकवता येत नाहीत. ही म्हण शब्दशः मराठीत आणून आजारी वडिलांना म्हणायला लावली, तर काय होईल ते सांगायला नको. आपल्याकडे अशी म्हण नाही, त्यामुळे वडील अडखळले तर ते रोगामुळे की वाक्य विचित्र आहे म्हणून, हे कळणार नाही. आणि ते रागावले तर परीक्षाच बंद पडेल.

येथे भाषांतर करणाऱ्याने अशा परीक्षेचे वाक्य कसे असावे याचा विचार केला पाहिजे. वाक्य पाठ असावे, म्हणजे आठवण्याचे कष्ट पडू नयेत. ते लहान असावे. आणि त्यात ओठांनी, जिभेने व घशाशी उच्चारली जाणारी तिन्ही प्रकारची व्यंजने यावीत, म्हणजे कोठलाही भाग लुळा असेल तर तो उघडा पडेल. या कसोट्यांवर मराठी म्हणी घासून पाहता येतात. ‘पळसाला पाने तीनच’ यात ओठ आणि जीभ आहेत, पण घशाचा वर्ण नाही. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ यात तिन्ही आहेत, पण सुनेने सासऱ्यांना हे म्हणायला सांगितले तर तो टोमणा वाटेल. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण मात्र सर्व बाजूंनी बसते. ‘प’, ‘ब’, ‘म’ ओठांचे; ‘ध’, ‘ट’, ‘ठ’ जिभेचे; ‘ग’ घशाचा. लहान मुलापासून आजोबांपर्यंत ती सर्वांना पाठ आहे आणि तिच्यात कोणाचा अवमान नाही. अशा रीतीने म्हणीच्या जागी म्हण आली, पण ती अर्थ जुळतो म्हणून नव्हे. ती तेच काम करते म्हणून.

उदाहरणे बदलतानाही हाच नियम लावावा लागतो. इंग्रजी संचात एखादे काका बागेतील हिरवळ कापीत असता त्यांच्या हातातून यंत्र सुटते, किंवा सणाच्या जेवणात कॉफीचा पेला कलंडतो. बरकतपुऱ्यातील घराला हिरवळ नाही. तेथे काय ठेवावे? एखाद्याला वाटेल, एकादशीच्या उपासाला आजीला घेरी आली असे सांगावे. ते अगदी घरगुती होईल. परंतु ते उदाहरण रोगाच्या दृष्टीने खोटे आहे. उपासाने साखर उतरली म्हणजेही घेरी येते आणि बोबडी वळते, ऐकणारा म्हणेल, “साखर-पाणी दिले की झाले.” ज्या उदाहरणाला दुसरे साधे कारण सुचते ते येथे चालत नाही. मूळ उदाहरणात तीन गोष्टी होत्या : घटना एकाएकी घडली, ती शरीराच्या एकाच बाजूला घडली आणि तिच्यात दुखणे नव्हते. या तिन्ही टिकतील असे मराठी उदाहरण शोधावे. आई पोळ्या लाटीत आहे; उजव्या हातातील लाटणे निसटते, ती ते पुन्हा उचलते आणि पुन्हा निसटते; डाव्या हाताला काही झालेले नाही, कोठे दुखत नाही, म्हणून ती हसते आणि हसताना तोंड एका बाजूला जाते. हे चित्र सभेतील प्रत्येक बाईला दिसते. दुखत नाही म्हणूनच लोक थांबतात, हेही त्यात सांगून होते. हृदयविकारात छाती दुखते व माणसे धावतात. येथे वेदना नसल्यामुळे ‘जरा पडू द्या, बरे वाटेल’ असे म्हणण्यात वेळ जातो.

वेळेचा प्रश्न हा या भाषणाचा गाभा आहे आणि भाषांतरात तोच सर्वांत जास्त बिघडतो. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. इंग्रजी स्लाइडवर याला ‘खिडकी’ म्हटलेले असते. मराठीत वेळेची खिडकी होत नाही, म्हणून भाषांतरकार ‘साडेचार तासांची मुदत’ असे लिहितो. आता ‘मुदत’ या शब्दाशी मराठी मनाचा परिचय वीजबिल, शेतसारा आणि अर्ज यांतून झालेला आहे. मुदत म्हणजे तोपर्यंत निश्चिंत राहायला हरकत नाही. शेवटच्या दिवशी रांगेत उभे राहिले तरी चालते. इंग्रजी शब्दातून घाई सुचवायची होती, मराठी शब्दाने सवलत सुचवली.

हे टाळायचे तर आकडा तसाच न सांगता त्याचा हिशेब मांडून दाखवावा. वडील संध्याकाळी सात वाजता धडधाकट होते. साडेसातला त्यांचा हात लुळा पडलेला दिसला. साडेचार तास म्हणजे साडेअकरा. परंतु साडेअकरा ही रुग्णालयाच्या दाराशी पोचण्याची वेळ नव्हे; ती औषध शिरेत जाण्याची शेवटची वेळ आहे. तपासणी, स्कॅन, रक्ताची चाचणी, डॉक्टरांचा निर्णय यांना एक तास धरला तर दाराशी साडेदहाच्या आत पोचले पाहिजे. शहराच्या गर्दीतून वाटेला पाऊण तास धरला तर पावणेदहाला रोगी गाडीत असला पाहिजे. गाडी यायला आणि त्याला जिन्यावरून खाली उतरवायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे नऊच्या सुमारासच दूरध्वनी झालेला हवा. साडेसात ते नऊ या दीड तासात मुलाला पुण्याला विचारणे, शेजारच्या काकांना बोलावणे, घरच्या डॉक्टरांची वाट पाहणे एवढे झाले की हातात काही उरत नाही. हा हिशेब फळ्यावर न लिहिता नुसत्या बोलण्यातून कळतो, कारण तो घड्याळाच्या काट्याबरोबर मागे मागे येतो. त्याच्या शेवटी एक वाक्य जोडावे की, यातही शेवटच्या क्षणापेक्षा पहिल्या तासात दिलेले औषध अधिक गुण देते.

याच ठिकाणी ‘मिनिटाला १.९ दशलक्ष मज्जापेशी मरतात’ असा एक आकडा संचात हमखास असतो. मराठी श्रोता दशलक्षात मोजत नाही. म्हणून ‘१९ लाख’ असे म्हणावे, हे उघड आहे. पण तेवढ्याने काम भागत नाही. मेंदूत एकंदर किती पेशी असतात हे ज्याला ठाऊक नाही त्याला १९ लाख ही संख्या मोठी की लहान हेही ठरवता येत नाही. त्याला मराठवाड्यातील कालव्याची गोष्ट सांगावी. कालव्याला मध्येच माती ढासळली की खालच्या शेताचे पाणी तुटते. पीक त्याच क्षणी वाळत नाही. आधी माना टाकते, मग करपते. माना टाकलेल्या पिकाला पाणी मिळाले तर ते उठते, करपलेल्याला कितीही पाणी दिले तरी उठत नाही. मेंदूतही मध्यभागी काही भाग लवकर करपतो आणि त्याच्या भोवतीचा भाग काही काळ माना टाकून तग धरतो. औषध त्या भोवतालच्या भागासाठी असते. ही उपमा वैद्यकाच्या दृष्टीने खरी आहे आणि आकड्याने जे सांगायचे होते ते ती सांगते. शहरात वाढलेल्या नव्या मंडळींसाठी आकडाही सोबत ठेवायला हरकत नाही. सभेत दोन्ही प्रकारचे लोक असतात.

घड्याळ केव्हापासून मोजायचे हेही नीट सांगावे लागते. इंग्रजीतील शब्द ‘शेवटचे ठीक असल्याचे माहीत असलेली वेळ’ अशा अवघड रचनेत येतात. घरात ते असे विचारले जाते : ‘शेवटचे ठणठणीत कोणी पाहिले, आणि किती वाजता?’ रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा आढळला, तर घड्याळ सहापासून नव्हे, दहापासून चालू होते. मात्र हे सांगून तेथेच थांबले तर श्रोता म्हणेल, ‘मग वेळ गेलीच की, आता घाई कशाला?’ म्हणून त्याला जोडून सांगावे की, निवडक रोग्यांत मोठ्या नळीतील गुठळी नळीवाटे काढण्याचा उपाय चोवीस तासांपर्यंतही करता येतो. तेव्हा वेळ गेली की राहिली हे डॉक्टरांनी ठरवावे, घरच्यांनी नव्हे.

काही मिनिटांत आपोआप ओसरणाऱ्या लक्षणांना इंग्रजीत ‘मिनी स्ट्रोक’ म्हणतात. ‘छोटा पक्षाघात’ असे म्हटले की छोटेपणाच लक्षात राहतो. उतरला म्हणजे टळला असे वाटते. त्याऐवजी ‘चोर घर पाहून गेला’ असे म्हटले तर अर्थ अधिक खरा उतरतो. चोराने अद्याप काही नेलेले नाही, पण तो परत येणार आहे. आणि परत येण्याची भीती पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असते. म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मदत मागण्याच्या स्लाइडवर परदेशातील दूरध्वनीचा आकडा असतो. येथे १०८. ही रुग्णवाहिकेची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेतूनच सुरू झाली. आकडा लक्षात ठेवायला मराठी श्रोत्याला काही युक्ती शिकवावी लागत नाही. जपमाळेचे मणी १०८ असतात एवढे म्हटले की तो आयुष्यभर विसरत नाही. कोठे न्यावे हा प्रश्न मात्र मूळ संचात सुटलेला नसतो आणि संहिता लिहिणाऱ्याने तो सभेपूर्वी सोडवावा. वस्तीजवळच्या रुग्णालयांना दूरध्वनी करून दोनच गोष्टी विचाराव्या : रात्री-अपरात्री सीटी स्कॅन होते काय, आणि गुठळी विरघळवणारे औषध तेथे देतात काय? दोन्हींचे उत्तर होय असेल तेवढीच नावे भाषणात यावीत.

काय बदलू नये हेही ठरवावे लागते. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली याच शहरात अनुवादाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला, आणि वैद्यकासह अनेक शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत उतरले. त्या ग्रंथांसाठी अरबी-फारसी धातूंवरून परिभाषा घडवावी लागली. वर्गात वर्षभर बसणाऱ्या विद्यार्थ्याला नवी संज्ञा शिकवता येते. तासाभराच्या सभेला आलेल्या माणसाला ती शिकवता येत नाही. ‘सीटी स्कॅन’, ‘बीपी’, ‘शुगर’ हे शब्द आता मराठी घरांतलेच आहेत. त्यांच्या जागी ‘संगणकीय छेदचित्र’ म्हटले तर भाषा शुद्ध होईल, पण रुग्णालयाच्या खिडकीशी उभा राहिलेला मुलगा काय मागायचे तेच विसरेल.

अशी सर्व दुरुस्ती झाल्यावर पाच-सहा स्लाइड्सवरील तुटक शब्दांचे मिळून जे भाषण तयार होते, त्याचा एक तुकडा असा असेल :

‘मंडळी, उजव्या हाताची पाच बोटे समोर धरा. अंगठा म्हणजे तोल. एकाएकी तोल गेला. दुसरे बोट नजर. एकाएकी दिसेनासे झाले. तिसरे तोंड. हसा म्हणावे, तोंड एका बाजूला ओघळले. चौथे हात. दोन्ही हात पुढे करा म्हणावे. एक एकाएकी खाली आला. करंगळी म्हणजे बोल. “आधी पोटोबा, मग विठोबा” म्हणा म्हणावे, जीभ अडखळली. यांतले एकसुद्धा बोट खरे निघाले, तर मूठ वळा आणि घड्याळ पाहा. शेवटचे ठणठणीत कोणी पाहिले, किती वाजता, ते विचारा. गोळी नाही, पाणी नाही, तेल नाही. जपमाळेचे मणी किती? एकशे आठ. तोच आकडा फिरवा.’

यात पडद्याकडे पाहण्याची गरज पडत नाही, ही याची पहिली कसोटी. पुढच्या रांगेतील आजोबांना पडदा दिसत नाही आणि दिवे मालवले की काही जण डुलक्या घेतात. म्हणून पडद्यावर चित्रे ठेवावीत आणि अर्थ सगळा आवाजात यावा. वाक्ये लहान आहेत, कारण ऐकणाऱ्याला मागे वळून वाचता येत नाही. सावकाश बोलताना मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात, हे धरून लिहिले म्हणजे भाषण अर्ध्या तासात आटोपते आणि प्रश्नांना वेळ उरतो.

दुसरी कसोटी डॉक्टरांची. तयार संहिता मराठी न जाणणाऱ्या डॉक्टरांना तपासता येत नाही. तेव्हा जिने मूळ इंग्रजी पाहिलेले नाही अशा व्यक्तीकडून ती तोंडी इंग्रजीत सांगून घ्यावी आणि डॉक्टरांनी ऐकावी. ‘मुदत’ शब्दाने केलेली गडबड अशाच वेळी पकडली जाते. साडेचार तास थांबता येते असे कानावर पडताच डॉक्टर खुर्चीतून उठतात.

तिसरी कसोटी श्रोत्याची, आणि तीच खरी. ‘समजले का?’ असे विचारले की सभा एकसुरात ‘हो’ म्हणते. त्यावरून काहीच कळत नाही. सभेच्या आधी एखाद्या आजीबाईंना संहिता वाचून दाखवावी, चहापाणी होऊ द्यावे आणि मग विचारावे : “आजी, समजा उद्या रात्री आजोबांचा हात लुळा पडला, तर तुम्ही काय कराल ते मला सांगा.” त्या पाच बोटे मोजू लागल्या आणि घड्याळापाशी आल्या, तर संहिता उतरली. त्या म्हणाल्या की, “गोळी देईन आणि मुलाला फोन करीन,” तर दोष आजींचा नव्हे. कोणते वाक्य त्यांना तिकडे घेऊन गेले ते शोधून, ते बदलून, पुन्हा एकदा वाचून दाखवावे.